प्रेक्षक नेमका कधी उठतो? वेबिनारची उतरती रेषा वाचताना

वेबिनार पार पडला की आयोजकांच्या ग्रुपवर दोन आकडे फिरतात. नोंदणी किती झाली आणि रेकॉर्डिंगला व्ह्यूज किती आले. एखादा अभ्यासू सदस्य असेल तर तो तिसराही आकडा काढतो: सरासरी किती मिनिटं पाहिलं गेलं. दीड तासाच्या रेकॉर्डिंगची सरासरी ३१ मिनिटं निघाली, की पुढच्या बैठकीतला निर्णय जवळजवळ ठरलेलाच असतो. ‘लोकांना अर्ध्या तासापेक्षा जास्त दम निघत नाही. पुढचा वेबिनार अर्ध्या तासात गुंडाळू.’

हा निष्कर्ष वरवर बिनतोड वाटतो, पण तो दिशाभूल करणारा असू शकतो. सरासरी काढताना पहिल्याच मिनिटाला निघून गेलेला माणूस आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत बसून राहिलेला माणूस, दोघांची मिनिटं एकत्र मिसळली जातात. त्या मिश्रणातून निघालेल्या ३१व्या मिनिटाला प्रत्यक्षात कोणी उठलं होतं का, हे सरासरी सांगूच शकत नाही. ते सांगते प्रेक्षकसंख्येची उतरती रेषा. ती नीट वाचली तर कार्यक्रम किती वेळाचा असावा आणि कोणता विषय कुठे घ्यावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. मात्र ही दोन उत्तरं एकाच रेषेत नसतात. त्यासाठी दोन रेषा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

दोन रेषा, दोन प्रकारचे प्रेक्षक

पहिली रेषा रेकॉर्डिंगची. रेकॉर्डिंग यूट्यूबवर असेल तर यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या Analytics विभागात Audience retention नावाचा आलेख मिळतो. आडव्या अक्षावर व्हिडिओची मिनिटं असतात, उभ्या अक्षावर टक्के. एखाद्या क्षणी रेषा ५० वर असेल, तर तो क्षण एकूण व्ह्यूजच्या निम्म्या वेळा पाहिला गेला, असा त्याचा अर्थ. इथे ‘पाहिला गेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच माणसाने तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला तर तो पुन्हा मोजला जातो. कोणी सुरुवात टाळून थेट मध्येच उडी मारली तरी तो तिथे मोजला जातो. म्हणून ही रेषा फक्त उतरत नाही, मध्ये चढतेही. एखादा तुकडा फारच पुन्हा पुन्हा पाहिला गेला तर ती १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकते.

दुसरी रेषा प्रत्यक्ष कार्यक्रमाची, म्हणजे त्या संध्याकाळी हजर असलेल्यांची. ती आयती मिळत नाही, पण काढायला सोपी आहे. झूमच्या उपस्थिती अहवालात प्रत्येकाची Join Time आणि Leave Time अशी नोंद असते. पॅनेलवरच्या वक्त्यांच्या आणि आयोजकांच्या ओळी वेगळ्या दिलेल्या असतात, त्या बाजूला काढायच्या. उरलेल्या ओळींत येण्याची वेळ A स्तंभात आणि जाण्याची वेळ B स्तंभात ठेवायची. D स्तंभात कार्यक्रमाच्या दर मिनिटाची वेळ तारखेसह लिहायची. मग शेजारच्या स्तंभात हे एकच सूत्र पुरतं:

```
=COUNTIFS(A:A,"<="&D2,B:B,">"&D2)
```

त्या मिनिटाच्या आधी किंवा त्याच मिनिटाला आलेले आणि तोवर न गेलेले, असे किती, हे सूत्र मोजतं. इंटरनेट तुटून एखादा माणूस दोन-तीनदा आत आला असेल तर त्याच्या दोन-तीन ओळी दिसतात, पण त्या वेगवेगळ्या वेळांच्या असल्यामुळे गणित बिघडत नाही. एकच माणूस फोन आणि लॅपटॉप दोन्हींवरून आत असेल तर मात्र तो दोनदा मोजला जातो. तेवढी चूक धरून चालायची.

या दोन रेषांचे प्रेक्षक स्वभावानेच वेगळे असतात. प्रत्यक्ष कार्यक्रमाला लोक उशिरा येतात, म्हणून ती रेषा आधी चढते आणि मग उतरते. रेकॉर्डिंग पाहणाऱ्यांत उशिरा येणारा कोणी नसतो, तिथे सगळे शून्य मिनिटाला हजर असतात आणि कामाचं काही दिसलं नाही तर लगेच पुढे सरकतात. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

एक उदाहरण घेऊ या

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांना जिव्हाळ्याचा असलेला विषय घेऊ: मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स. बिल्डर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ते मिळवण्याचा मार्ग. या विषयावरचा वेबिनार पाहणारे बहुतेक जण समितीचे सचिव, अध्यक्ष, खजिनदार असतात. त्यांना अर्ज करायचा असतो आणि अर्जाला काय काय लागतं, हा त्यांच्या मनातला पहिला प्रश्न असतो.

समजा, असा एक वेबिनार रविवारी संध्याकाळी सात वाजता सुरू झाला आणि साडेआठला संपला. रेकॉर्डिंग जसंच्या तसं चढवलं. पुढचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, पण रेषेचा आकार आयोजकांना ओळखीचा वाटावा असा आहे. प्रत्येक भागापुढे रेकॉर्डिंगची रेषा तिथे कुठून कुठे आली, ते दिलं आहे.

- ० ते ४ मिनिटं: ‘थोड्याच वेळात सुरू करत आहोत’ ही पाटी. १०० वरून ६२.
- ४ ते १२: स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख. ६२ वरून ५०.
- १२ ते ३०: कायद्याची पार्श्वभूमी. ५० वरून ३६.
- ३० ते ४८: कागदपत्रांची यादी. ३६ वरून ३३.
- ४८ ते ६३: अर्ज आणि सुनावणीची प्रक्रिया. ३३ वरून २८.
- ६३ ते ७०: आयोजक संस्थेच्या कामाची माहिती. २८ वरून १९.
- ७० ते ९०: प्रश्नोत्तरं. १९ वरून ११.

या रेषेची सरासरी काढली तर ती जवळपास ३१ मिनिटं येते. आता यादीत ३१वं मिनिट शोधा. ते कागदपत्रांच्या भागात पडतं आणि संपूर्ण दीड तासात सर्वांत कमी माणसं जिथे गळली, तो नेमका हाच भाग आहे. सरासरीवर विसंबून कात्री चालवली असती, तर स्वागत, पाटी आणि पार्श्वभूमी शाबूत राहिली असती आणि लोक ज्यासाठी बसून होते तो भाग सुरू होता होताच कापला गेला असता.

किती उतरली यापेक्षा, उरलेल्यांपैकी किती गेले

रेषा वाचताना नजर साहजिकच सर्वांत मोठ्या घसरणीवर जाते. पण घसरण टक्क्यांच्या आकड्यात मोजली तर फसगत होते. कायद्याच्या पार्श्वभूमीत १४ अंक गळले आणि संस्थेच्या माहितीत ९. म्हणजे पार्श्वभूमी जास्त कंटाळवाणी, असं वाटेल. पण पार्श्वभूमीच्या सुरुवातीला ५० जण होते आणि भाग १८ मिनिटांचा होता. संस्थेच्या माहितीला २८ च उरले होते आणि भाग सात मिनिटांचा होता.

म्हणून प्रत्येक भागासाठी दोन भागाकार करायचे. गेलेल्यांना त्या भागाच्या सुरुवातीला हजर असलेल्यांनी भागायचं, म्हणजे उरलेल्यांपैकी किती टक्के गेले ते कळतं. मग त्याला मिनिटांनी भागायचं, म्हणजे दर मिनिटाची गळती मिळते. पार्श्वभूमीत ५० पैकी १४ म्हणजे २८ टक्के गेले, १८ मिनिटांत. दर मिनिटाला साधारण दीड टक्का. संस्थेच्या माहितीत २८ पैकी ९ म्हणजे ३२ टक्के गेले, तेही सात मिनिटांत. दर मिनिटाला साडेचार टक्क्यांहून जास्त. कागदपत्रांच्या भागात ३६ पैकी तीनच, दर मिनिटाला अर्धा टक्का. प्रक्रियेच्या भागात दर मिनिटाला एक टक्का.

असं मांडलं की चित्र पालटतं. सर्वांत जास्त गळती पाटीच्या चार मिनिटांत आहे, त्यानंतर संस्थेच्या माहितीत. सर्वांत कमी गळती अर्ध्या तासानंतरच्या त्या ३३ मिनिटांत, कागदपत्रं आणि प्रक्रिया या दोन भागांत आहे. तासाभराच्या सुमारासही लोक टिकून होते. तेव्हा दम निघत नाही म्हणून ते गेले, हे खरं नाही.

इथे एक सावधगिरी हवी. तिसाव्या मिनिटापर्यंत पोचलेले ३६ जण हे मूळच्या १०० चं साधं छोटं रूप नव्हे. ज्यांना गरज कमी होती ते आधीच गळाले होते. उरलेले निवडक गरजू होते आणि गरजू माणूस तसाही टिकतो. त्यामुळे उशिराच्या भागातली कमी गळती पूर्णपणे त्या भागाच्या श्रेयाला लावता येत नाही. पण याच तर्काची उलट बाजू जास्त बोलकी आहे. एवढे चाळून उरलेले गरजू लोकसुद्धा ६३व्या मिनिटापासून भराभर उठू लागले, म्हणजे तिथे नक्कीच काहीतरी खटकलं.

दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या की

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाची रेषा घेऊ. सात वाजता १४० जण आत होते. येणाऱ्यांची रीघ सुरू राहिली आणि ७ वाजून १२ मिनिटांनी हजेरी सर्वांत जास्त, २३० झाली. ७:४८ ला २०५ होते. ७:५९ ला १९८ आणि तीनच मिनिटांनी, ८:०२ ला, १७२. पुढे संस्थेची माहिती सुरू झाल्यावर ८:०३ ला १७० होते ते ८:१० पर्यंत १२० वर आले.

इथे दोन घसरणी आहेत, एक आठच्या ठोक्याला आणि दुसरी लगेच तिच्या पाठोपाठ. नुसती हीच रेषा पाहिली तर दोन्ही एकच वाटतील. वेगळं काय, ते रेकॉर्डिंगची रेषा दाखवते. रेकॉर्डिंगमध्ये एकोणसाठाव्या ते बासष्टाव्या मिनिटात काहीही घडलेलं नाही, तिथे रेषा संथ आहे. विषय तोच, बोलणारा तोच, वाक्यंही तीच. मग फरक कशाचा? घड्याळाचा. रविवारी आठ वाजता कोणाच्या घरी जेवायची वेळ होते, कोणी मुळातच ‘तासभर बसू’ असं ठरवून आलेला असतो. रेकॉर्डिंग पाहणारा दुपारी पाहील नाही तर रात्री अकराला. त्याचं ६०वं मिनिट आठ वाजता येत नाही.

त्यानंतरची घसरण मात्र दोन्ही रेषांत आहे. ती घड्याळाची असू शकत नाही. ती मजकुराची.

हा पडताळा या सगळ्या वाचनाचा कणा आहे. घसरण फक्त प्रत्यक्ष कार्यक्रमात दिसली तर आधी घड्याळावर किंवा त्या वेळच्या तांत्रिक अडचणीवर संशय घ्यावा. दोन्हींत दिसली तर विषय, मांडणी किंवा क्रम तपासावा. फक्त रेकॉर्डिंगमध्ये दिसली, जशी पाटीच्या चार मिनिटांत, तर तो भाग प्रत्यक्ष हजर असलेल्यांसाठी ठीक होता, पण रेकॉर्डिंगमध्ये त्याचं काही काम नव्हतं, असं समजावं. यातूनच कामाचा नियम निघतो: लांबी प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रेषेवरून ठरवावी, क्रम रेकॉर्डिंगच्या रेषेवरून.

त्या मिनिटाला जाऊन ऐकायचं

रेषा जागा दाखवते, कारण सांगत नाही. कारण कळायचं तर रेकॉर्डिंग त्या जागेच्या दोन-तीन मिनिटं आधी नेऊन ऐकावं लागतं. माणूस कंटाळल्या क्षणी उठत नाही, थोडा वेळ वाट पाहतो आणि मग उठतो. त्यामुळे कारण घसरणीच्या थोडं अलीकडे सापडतं. शिवाय आलेखाची बारकाईही मर्यादित असते. यूट्यूबच्या विश्लेषणाचा तपशील प्रणालीमार्फत थेट उतरवून घेतला तर व्हिडिओ कितीही लांब असला तरी त्याचे शंभरच बिंदू मिळतात. नव्वद मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एक बिंदू म्हणजे ५४ सेकंद. नेमक्या कोणत्या वाक्याला लोक गेले, असा शोध घेण्यात अर्थ नाही. कोणत्या मिनिटाच्या आसपास, एवढंच विचारावं.

आपल्या उदाहरणात ६२व्या मिनिटाला जाऊन ऐकलं, तर वक्ते म्हणत आहेत: ‘तर विषय इथे संपतो. प्रश्नोत्तरांकडे जाण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या उपक्रमांची थोडी ओळख करून घेऊ.’ आता गळतीचं कारण स्पष्ट होतं. ‘विषय संपतो’ हे शब्द कानावर पडले की श्रोता कार्यक्रम संपला असंच धरतो. प्रश्नोत्तरांत आपल्याच अडचणीचं उत्तर मिळणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि मध्ये सात मिनिटांची भिंत उभी केली आहे. म्हणजे दोष केवळ संस्थेच्या माहितीचा नाही. ती माहिती चुकीच्या जागी, समारोपाच्या सुरात आली, हा दोष.

प्रश्नोत्तरांतली गळतीही तशीच घाईने वाचू नये. तिथे दर मिनिटाला दोन टक्के गेले. पण प्रश्नोत्तरं ऐकणाऱ्याला सगळे प्रश्न नको असतात, आपल्यासारखा एक हवा असतो. ‘बिल्डर हयात नसेल तर?’ हा प्रश्न निघाला, उत्तर मिळालं, माणूस गेला. तो कंटाळून गेला नाही, काम झालं म्हणून गेला.

असे ‘काम झालेले’ आणि ‘कंटाळलेले’ कसे ओळखायचे? रेषेच्या आकारावरून बराच अंदाज येतो. एखाद्या उत्तरानंतर किंवा यादीनंतर घसरण आली आणि त्याच्या अगदी आधी रेषा चढलेली असेल, तर लोकांनी तो भाग शोधून, पुन्हा पाहून घेतला आणि मग ते गेले. घसरण मुद्दा चालू असताना मध्येच आली आणि आधी चढ नसेल, तर तो कंटाळा. एड-एक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ८६२ व्हिडिओंचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं की लांब व्हिडिओंत गळती जास्त असते, पण दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांत आणि कृती शिकवणाऱ्या व्हिडिओंतही ती जास्त असते. अशा वेळी माणूस हवं तेवढं शोधायला आलेला असतो. त्याच अभ्यासात रेषेच्या चढांपैकी ६१ टक्के चढ पडद्यावरचं दृश्य बदलण्याच्या आसपास आढळले.

आपल्या उदाहरणात असा एक ठळक चढ आहे. ४१व्या मिनिटाला कागदपत्रांचा तक्ता पडद्यावर येतो: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, सदनिकांच्या करारांच्या प्रती. तिथे रेषा ३५ वरून ४७ वर उसळते आणि तीन मिनिटांत खाली येते. याची दोन कारणं असू शकतात. लोक तक्ता थांबवून, मागे नेऊन, लिहून घेत असतील; किंवा कुणीतरी सोसायट्यांच्या ग्रुपवर थेट त्या जागेचा दुवा टाकला असेल. दुव्याच्या शेवटी `&t=2460s` असेल तर व्हिडिओ २,४६० सेकंदांवर, म्हणजे ४१व्या मिनिटाला सुरू होतो. दोन्ही कारणांचा अर्थ एकच: लोकांना हा तक्ता हवा आहे आणि तो त्यांना शोधून काढावा लागतो आहे. लोक जे ४१व्या मिनिटाला खणून काढतात, ते आधी द्यायला हवं.

नवी कार्यक्रमपत्रिका

आता निर्णय घेता येतात. आधी लांबी. आठच्या ठोक्याला १९८ पैकी २६ जण, म्हणजे १३ टक्के, तीन मिनिटांत गेले आणि त्यात विषयाचा काही दोष नव्हता. हा तोटा टाळण्याचा एकच मार्ग, कार्यक्रम आठच्या आत संपवणं. म्हणून लांबी ६० मिनिटं. अर्धा तास नाही, कारण तासाभरापर्यंत लोक कामाच्या मजकुराला टिकले होते. दीड तासही नाही, कारण घड्याळ आडवं येतं.

मग क्रम. प्रत्यक्ष हजेरी ७:१२ पर्यंत वाढत होती, म्हणजे मुख्य भाग सातच्या ठोक्याला सुरू केला तर जवळपास ९० लोकांची सुरुवात हुकेल. पण रेकॉर्डिंग पाहणारे पहिल्या चार मिनिटांत ३८ टक्के गळले, त्यांना थांबवून ठेवणं परवडणार नाही. या दोन गरजा परस्परविरोधी दिसतात, पण दोघांना एकच सुरुवात द्यायची सक्ती कुठे आहे? सात ते ७:१० प्रत्यक्ष हजर असलेल्यांसाठी ठेवावं: दोन वाक्यांत स्वागत, ‘तुमची सोसायटी कोणत्या टप्प्यावर अडली आहे?’ अशी झटपट मतचाचणी आणि नोंदणीसोबत आलेल्या प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं. उशिरा आलेल्याचं यात काही मोठं नुकसान होत नाही, वेळेवर आलेल्याला हातात काही मिळतं. रेकॉर्डिंगमधून हा भाग कापायचा. ते सुरू होईल ७:१० पासून.

७:१० ते ७:२७ कागदपत्रं. तक्ता पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर येईल आणि त्याची पीडीएफ वर्णनात दिली जाईल. ७:२७ ते ७:४२ अर्ज आणि सुनावणी. कायद्याची पार्श्वभूमी काढून टाकायची नाही, ती इथे आणायची. सुनावणीत बिल्डर हरकत घेतो, तेव्हा सोसायटीचा हक्क कशावर उभा आहे, हा प्रश्न सचिवाच्या मनात उभा राहतो. १९६३ च्या मोफा कायद्यातली बिल्डरची जबाबदारी आणि २००८ च्या दुरुस्तीने आलेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग, हे त्या क्षणी पाच मिनिटांत सांगितलं तर ते उत्तर म्हणून ऐकलं जातं. आधीच्या पत्रिकेत तेच १८ मिनिटं, प्रश्न पडण्याआधीच सांगितलं जात होतं.

७:४२ ला थेट प्रश्नोत्तरं. मध्ये ‘विषय संपला’ नाही आणि संस्थेची ओळखही नाही; ती एका मिनिटात कागदपत्रं आणि प्रक्रिया यांच्या सांध्यावर बसवता येते, कारण त्या सांध्यावर लोक पुढच्या भागासाठी थांबलेले असतात. प्रश्नोत्तरांना सुरुवात करतानाच पुढचे तीन प्रश्न कोणते, ते वाचून दाखवायचे. रेकॉर्डिंगच्या वर्णनात प्रत्येक भागाची आणि प्रत्येक प्रश्नाची वेळ लिहायची. यूट्यूब या वेळांवरून आपोआप प्रकरणं पाडतं, फक्त पहिली वेळ ०:०० असावी लागते, किमान तीन वेळा द्याव्या लागतात आणि प्रत्येक प्रकरण दहा सेकंदांपेक्षा लहान चालत नाही.

प्रकरणं पाडली की पुढच्या वेळी रेषेचा आकार बदलेल, हे लक्षात ठेवायला हवं. लोक आता सरळ उड्या मारतील. रेषा दातेरी होईल आणि मधले खड्डे खोल दिसतील. प्रकरणं असलेल्या रेकॉर्डिंगची रेषा, प्रकरणं नसलेल्या जुन्या रेषेशी ताडून ‘लोक जास्त गळू लागले’ असं म्हणणं चूक ठरेल. अशा वेळी प्रत्येक प्रकरणाच्या आत सुरुवात ते शेवट किती गळती, एवढंच बघावं.

खरं कारण तपासायचं तर क्रम उलटा करून बघावा

एक प्रश्न अजून उरतो. कायद्याच्या पार्श्वभूमीत दर मिनिटाला दीड टक्का लोक गेले, ते विषय रुक्ष म्हणून, की तो फार आधी आला म्हणून? एकाच वेबिनारच्या रेषेतून याचं उत्तर निघत नाही. तिथे विषय आणि त्याची जागा एकमेकांना चिकटलेल्या असतात. पार्श्वभूमी नेहमीच १२व्या मिनिटाला आली, तर दोष कुणाचा हे सुटं करता येत नाही.

त्यासाठी तोच विषय पुन्हा घ्यावा लागतो. वार तोच, वेळ तीच, वक्ते तेच, जाहिरातही त्याच ग्रुपांवर. बदल एकच, क्रमाचा. मग पार्श्वभूमीच्या पाच मिनिटांतली दर मिनिटाची गळती नव्या जागी पाहायची. ती कागदपत्रांच्या भागाइतकी खाली आली, तर जागा चुकली होती. तशीच दीड टक्क्यांवर राहिली, तर मांडणीत दोष आहे आणि जागा बदलून तो जाणार नाही. एकाच वेळी वक्ताही बदलला, लांबीही बदलली आणि क्रमही बदलला, तर निकाल चांगला येवो वा वाईट, तो कशामुळे आला हे कळणार नाही.

संख्येचं भानही हवं. ३०० व्ह्यूजच्या रेकॉर्डिंगमध्ये एक टक्का म्हणजे तीन माणसं. तिथे रेषा दोन अंकांनी हलली म्हणून कार्यक्रमपत्रिका बदलू नये. चार-पाच मिनिटं सलग टिकणारी, दहा-बारा अंकांची घसरणच विचारात घ्यावी. पन्नास माणसांच्या वेबिनारला तर रेषेपेक्षा दहा जणांना फोन करून ‘कधी बंद केलं आणि का?’ असं विचारणं अधिक भरवशाचं.

एड-एक्सवरच्याच दुसऱ्या एका अभ्यासाचा हवाला वारंवार दिला जातो. तोही २०१४ चाच. ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून त्यात असं आढळलं की विद्यार्थी व्हिडिओ किती वेळ पाहतात, त्याचं मध्यमूल्य जास्तीत जास्त सहा मिनिटांच्या आसपास थांबतं. त्यावरून ‘व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा’ असा नियम काढला जातो आणि तो वेबिनारलाही लावला जातो. पण ते आकडे अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांचे होते, ज्यांच्यापुढे शेकडो व्हिडिओ ओळीने मांडलेले असतात. आपला अर्ज का फेटाळला गेला याचं उत्तर शोधत असलेला सचिव चाळीस मिनिटंही बसतो. दुसऱ्याच्या प्रेक्षकांची लांबी आपल्याला उसनी घेता येत नाही.

म्हणून प्रत्येक वेबिनारनंतर एक पान भरून ठेवावं. प्रत्येक भाग कोणत्या मिनिटाला सुरू झाला, सुरुवातीला किती जण होते, शेवटी किती, दर मिनिटाची गळती किती आणि ती एका रेषेत दिसली की दोन्हींत. रेकॉर्डिंग चढवल्यानंतर साधारण चार आठवड्यांनी हे भरावं, कारण सुरुवातीच्या दिवसांत पाहणारे बहुतेक आपलेच परिचित असतात आणि शोध घेत येणारा अनोळखी प्रेक्षक नंतर येतो. कागदपत्रांचा भाग अनोळखी प्रेक्षकांतही अर्ध्या टक्क्यावर टिकला, तर नवा क्रम कायम करायला हरकत नाही. टिकला नाही, तर पुढच्या वेळी लांबीला हात न लावता कागदपत्रांची मांडणी बदलून पाहावी.